पट्टीवर दुकानाचा पत्ता का नसतो?

कांद्याचा भाव यावर आपण सगळेच बोलतो, मीही आजवर भरपूर लिहिलंय. आज भावाबद्दल नाही. आज एका साध्या प्रश्नाबद्दल लिहितोय: तुमचा माल ज्या अडत्याकडे उतरला, त्याचं दुकान तुम्हाला एकट्यानं जाऊन सापडेल का? ड्रायव्हर सोबत नाही, फोन लागत नाही, हातात फक्त पट्टी आहे, असं धरून उत्तर द्या.

अणदूरच्या चार-पाच जणांना मी हे विचारलं. सगळ्यांचं उत्तर जवळपास सारखंच आलं. "दुकान गाडीवाल्याला म्हाईत हाय की."

इथंच माझं म्हणणं सुरू होतं. माल आपला, पैसे आपले, आणि दुकान ठाऊक गाडीवाल्याला.

आधी हे सांगायला पाहिजे की आपल्याकडं दुकान शोधावं का लागतं. लासलगावला कांदा बहुतेक मोकळा, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत जातो. ट्रॉल्या ओळीनं उभ्या राहतात, लिलाव करणारे आणि व्यापारी ट्रॉलीजवळ येतात. शेतकरी आपल्या मालापाशी उभा असतो आणि त्याच्यासमोरच बोली होते. सोलापूरकडची रीत निराळी. इथं कांदा गोणीत भरून जातो, गोण्या एका ठरावीक अडत्याच्या गाळ्यापुढं उतरतात, थप्पी लागते, आणि सकाळी त्या अडत्याच्या दारात सौदा होतो. अडत्या हा आपल्या वतीनं माल विकणारा. म्हणजे आपल्या मालाला यार्डात एक दार लागतं. ते दार कुठलं, यावर पुढचं सगळं ठरतं: वजन कोण करणार, पट्टी कोण लिहिणार, पैसे कोण देणार, आणि नाही दिले तर कुणाच्या नावानं अर्ज करायचा.

आपल्या भागातून सोलापूर तास-दीड तासाची वाट. श्री सिद्धेश्वर कृषी उत्पन्न बाजार समितीचं यार्ड हैदराबाद रोडवरच असल्यानं शहरात शिरायच्या आधीच लागतं. त्यामुळं आपल्याला वाटतं, यार्ड म्हणजे घरचंच. पण कांदा कधी सोलापूरला जातो, कधी पुण्याला, कधी वाशीला, कधी पार हैदराबाद-बंगळूरूला. हंगामात एका गाडीत चार-पाच जणांचा माल असतो. प्रत्येकजण गाडीबरोबर जात नाही. कुणाची लागवड चालू असते, कुणाला रात्रीचा प्रवास झेपत नाही. गोण्यांवर रंगानं नाव टाकायचं, ड्रायव्हरकडं चिठ्ठी द्यायची, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मोबाईलवर पट्टीचा फोटो येतो त्याची वाट बघायची. आपल्या बहुतेक शेतकऱ्यांचा बाजाराशी संबंध एवढाच.

फोटोत दिसतं काय? वर देवाचा छोटा फोटो, खाली मोठ्या अक्षरात पेढीचं नाव, त्याखाली 'कांदा-बटाट्याचे अडत व्यापारी', मग 'मार्केट यार्ड' आणि शहराचं नाव. एक-दोन मोबाईल नंबर. खाली नग, वजन, दर, आणि खर्चाच्या ओळी: हमाली, तोलाई, गाडीभाडं, उचल घेतली असेल तर ती. शेवटी निव्वळ रक्कम. तुमच्याकडच्या जुन्या पट्ट्या काढून बघा. गाळा नंबर किती पट्ट्यांवर आहे? परवाना नंबर किती पट्ट्यांवर आहे? माझ्याकडं लोकांनी वेळोवेळी पाठवलेल्या फोटोंत गाळा नंबर असलेली पट्टी क्वचित दिसते.

'मार्केट यार्ड, अमुक शहर' हा पत्ता म्हणजे एखाद्याला 'अणदूर' एवढाच पत्ता देऊन घर शोधायला लावण्यासारखं आहे. अणदूरमध्ये निदान चावडीवर विचारलं तर कुणीतरी घरापर्यंत आणून सोडेल. यार्डात शेकडो गाळे असतात. भुसार वेगळा, फळं वेगळी, भाजीपाला वेगळा, कांदा वेगळा. काही पेढ्यांचं एक दुकान कांद्यात आणि दुसरं फळांत. नावं तर सगळी देवादिकांची: तुळजाभवानी, महालक्ष्मी, सिद्धेश्वर, व्यंकटेश. पुढं 'ट्रेडर्स', 'ट्रेडिंग कंपनी', 'आणि सन्स' यातलं काहीही. एकाच देवाच्या नावाच्या दोन-तीन पेढ्या एकाच यार्डात असणं यात नवल काहीच नाही. देवाचं नाव घ्यायला कुणाची परवानगी लागत नाही.

आता एक घडलेली गोष्ट सांगतो. राज्यातल्याच एका मोठ्या यार्डातली आहे. कुठल्या, ते मुद्दाम लिहीत नाही, कारण ही गोष्ट एका समितीची नाही आणि त्या दिवशी जी माणसं भेटली त्यातल्या बऱ्याच जणांनी मदतच केली.

2023 चा फेब्रुवारी आठवतोय ना? कांद्याचे भाव पार झोपले होते. पुढं मार्चमध्ये राज्य सरकारनं अनुदान जाहीर केलं: 1 फेब्रुवारी ते 31 मार्च 2023 या काळात बाजार समितीत विकलेल्या लाल कांद्याला क्विंटलला 350 रुपये, एका शेतकऱ्याला जास्तीत जास्त 200 क्विंटलपर्यंत. अर्जाला काय काय लागायचं? सातबारा, त्यावर कांद्याची नोंद, आधार, बँकेचं पासबुक आणि माल विकल्याची पट्टी. फोटो चालणार नाही, मूळ पट्टी पाहिजे, असं सांगितलं गेलं आणि गावागावांत धावपळ सुरू झाली.

आमच्या गावातले एक मामा (नाव लिहीत नाही) माझ्याकडं आले. त्यांच्या 42 गोण्या गेल्या होत्या, वजन 21 क्विंटल 42 किलो. क्विंटलला 500 चा भाव लागला, म्हणजे मालाचे 10,710 रुपये, त्यातून खर्च वजा. अनुदानाचा हिशेब केला तर 7,497 रुपये होत होते. कांद्यानं जे दिलं त्याच्या जवळजवळ पाऊण हिस्सा आता एका कागदावर अडकला होता. मूळ पट्टी ड्रायव्हरकडं होती, ती कुठंतरी गहाळ झाली. मामांकडं फक्त फोटो.

फोटोतल्या दोन नंबरांपैकी एक बंद. दुसऱ्यावर कुणीतरी बोललं, "मी आता तिकडं बसत नाही" म्हणालं आणि फोन ठेवला. मामा एकदा एकटे जाऊन, दिवसभर फिरून, हात हलवत परत आले होते. दुसऱ्या खेपेला मी बरोबर गेलो.

गेटवर नाव सांगितलं. रखवालदारानं विचारलं, "मालकाचं नाव काय?" इथं पहिली अडचण कळली. यार्डात दुकान पेढीच्या नावानं कुणी ओळखत नाही. पाटलांचं दुकान, शेटजींचं दुकान, जुन्या हॉटेलासमोरचं, लिंबाखालचं, अशी ओळख असते. पट्टीवर मात्र देवाचं नाव. आपल्या हातात जे नाव आहे ते यार्डाच्या तोंडात नाही, आणि यार्डाच्या तोंडात जे आहे ते आपल्या हातात नाही.

तरी त्यानं कांद्याच्या शेडकडं बोट दाखवलं. तिथं त्याच देवाच्या नावाचे दोन बोर्ड मिळाले. पहिल्या दुकानात दिवाणजींनी पट्टीचा फोटो मोठा करून बघितला आणि म्हणाले, "ही आमची नव्हं. आमच्या पट्टीचा रंग येगळा. ह्ये 'ट्रेडर्स' हायेत, आमी 'ट्रेडिंग कंपनी'." दुसऱ्या दुकानाला कुलूप होतं. शेजाऱ्यानं सांगितलं की ते फळवाले आहेत, कांदा करतच नाहीत. मामा तिथंच पायरीवर बसले. मागच्या खेपेला ते इथवरच आले होते.

मग मी पट्टी वाचायची सोडून तिच्यावरचे खर्च वाचायला घेतले. हमाली कापली आहे, म्हणजे कुणा हमालांनी गोण्या उतरवल्या. तोलाई कापली आहे, म्हणजे कुणा मापाड्यानं वजन केलं. ही माणसं यार्डात रोज असतात. हंगाम संपला की दुकान बंद राहील, दिवाणजी बदलतील, पण हमालांची टोळी ठरलेल्या भागातच काम करते आणि टोळीच्या मुकादमाला कुठला माल कुठल्या दारात उतरतो ते तोंडपाठ असतं. ड्रायव्हरला फोन लावला. त्याला पेढीचं नाव धड आठवत नव्हतं, पण गाडी कुठं उलटी लावली होती ते आठवत होतं: "पाण्याच्या टाकीकडनं आत, दुसरी लाईन." टाकीजवळ चहा पीत बसलेल्या एका वयस्कर हमालाला फोटो दाखवला. त्यांनी नाव वाचलंच नाही, खालच्या सहीकडं बघितलं.

"ही सही अमक्याची. त्यो आता त्या कोपऱ्यातल्या गाळ्यात बसतोय, बोर्ड दुसऱ्याचा हाय. चला, दावतो."

आणि खरंच, गाळ्यावर भलत्याच पेढीचा बोर्ड. गाळा मूळ ज्यांना मिळाला त्यांचं नाव वर, आणि आत अर्ध्या भागात टेबल टाकून आमची पेढी. बोर्डावर तिचं नाव कुठंच नाही. भिंतीवर एका कॅलेंडरवर मात्र छापलेलं होतं.

आत शिरायच्या आधी मी एक काम केलं. समितीच्या कार्यालयात परवाना विभागात जाऊन विचारलं की या नावाचा अडत परवाना आहे का आणि कुणाच्या नावावर. तिथल्या बाबूंनी रजिस्टर काढून दाखवलं. परवाना होता, चालू होता, गाळा नंबरही लिहिलेला होता. कोपऱ्यातल्या गाळ्याशी तो जुळला. हे करायला पंधरा मिनिटं लागली. दुकानात मग आवाज चढवायची वेळच आली नाही. दिवाणजींनी फेब्रुवारीची वही काढली, तारीख आणि नगावरून नोंद सापडली, आणि दुय्यम पट्टी सही-शिक्क्यानिशी करून दिली. सकाळी दहाला शिरलो होतो, बाहेर पडलो तेव्हा अडीच वाजून गेले होते. मामांचा अर्ज वेळेत आत गेला.

इथं कुणी म्हणेल, मिळालं ना शेवटी, मग ओरड कसली? ओरड ही की मामांना मिळालं ते एका हमालाच्या आठवणीमुळं. त्या दिवशी ते सुट्टीवर असते तर? शिवाय आमच्या गोष्टीतला अडत्या प्रामाणिक होता. परवाना खरा, वही खरी, नोंद खरी. फक्त पत्ता नव्हता. जिथं पैसेच अडकलेत तिथं पत्ता नसण्याचा अर्थ फार वेगळा होतो.

तो असा. अडत्याला आणि खरेदीदाराला परवाना देते ती बाजार समिती. तो निलंबित किंवा रद्द करण्याचा अधिकारही तिला आहे. 1963 च्या आपल्या पणन कायद्यात हे स्पष्ट आहे. विकलेल्या मालाचे पैसे 24 तासांच्या आत शेतकऱ्याला मिळायला पाहिजेत, हा नियम. परवाना देताना अनामत किंवा बँकेची हमी घेतली जाते, ती याचसाठी की कुणी पैसे बुडवले तर काहीतरी हाताशी असावं. पैसे नाही मिळाले तर समितीच्या सचिवांकडं लेखी तक्रार करायची, तिथं दाद लागली नाही तर जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडं. म्हणजे कागदावर रस्ता पक्का आहे. पण रस्ता सुरू होतो तो परवानाधारकाच्या नावापासून. तुमच्या पट्टीवर एक नाव, गाळ्याच्या बोर्डावर दुसरं आणि परवान्यावर तिसरं असेल, तर तक्रार नेमकी कुणाविरुद्ध लिहिणार? समितीला मग म्हणायला मोकळीक: या नावाचा आमचा परवानाधारकच नाही.

याच्या उलटं उदाहरण सोलापूरचंच आहे आणि ते सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. फेब्रुवारी 2023 मध्येच बार्शी तालुक्यातल्या बोरगावच्या एका शेतकऱ्यानं 10 पोती कांदा विकला, 512 किलो. किलोला 1 रुपया भाव. हमाली, तोलाई, गाडीभाडं सगळं वजा जाऊन हातात आले 2 रुपये 49 पैसे. चेक मिळाला तो 2 रुपयांचा आणि तोही पंधरा दिवस पुढच्या तारखेचा. ती पट्टी आणि चेक देशभर फिरला. त्या संतापात एक गोष्ट मात्र बहुतेकांच्या नजरेतून सुटली. पट्टी आणि चेक कुठल्या पेढीचा, ते कळत होतं. म्हणूनच समितीला तिच्यावर हात टाकता आला आणि परवाना 15 दिवसांसाठी निलंबित झाला. 15 दिवसांची शिक्षा पुरेशी होती का, हा वेगळा वाद, माझ्या मते नव्हती. पण दार सापडलं होतं, म्हणून निदान दारावर थाप तरी पडली.

आता दुसरी बाजू. ओळखीच्या एका अडत व्यापाऱ्याशी मी यावर बोललो. ते म्हणाले, "पत्रकार, आमचा शेतकरी वर्षानुवर्षं ठरलेला असतोय. त्येला पत्ता लागत न्हाई. नव्या माणसाला फोन केला की पोरगं गेटवर न्यायला येतंय." खोटं नाही ते. पिढ्यानपिढ्या एकाच दारात माल टाकणारी घरं आपल्याकडंही आहेत. बियाण्याला, औषधाला, लग्नाला उचल देणारा अडत्या शेतकऱ्याच्या आयुष्यात सावकारापेक्षा जवळचा असतो, कधी कधी सोयऱ्याइतका. पण ही ओळखीची व्यवस्था ओळख असलेल्यांसाठी आहे. ज्याचा बाप त्या दारात जात होता त्याला नंबर लागणार नाही, कबूल. पहिल्यांदा कांदा केलेल्या पोरानं काय करायचं? नवरा गेल्यावर शेती बघणाऱ्या बाईनं काय करायचं? तिच्या मालाचं दार गाडीवालाच ठरवणार, आणि गाडीवाल्याचे त्या दाराशी काय संबंध आहेत हे तिला कधीच कळणार नाही. सगळे गाडीवाले तसे नसतात हेही लिहून ठेवतो, नाहीतर उद्या स्टँडवर चहा मिळायचा नाही.

समितीच्या बाजूनंही एक उत्तर मिळतं: यादी कार्यालयात आहे, येऊन बघा. यादी असते, आम्ही पाहिलीच. पण ती पेढीच्या नावानं लावलेली. मालकाच्या आडनावानं शोधता येत नाही, आणि ती असते कार्यालयाच्या वेळेत. कांदा उतरतो रात्री.

मोबाईलच्या नकाशाचंही सांगतो, कारण तरुण पोरं लगेच तेच म्हणतात. नकाशा तुम्हाला यार्डाच्या गेटपर्यंत आणतो, आतला गाळा दाखवायला तो भरवशाचा नाही. आत ज्या दुकानांच्या खुणा दिसतात त्या कुणीतरी कधीतरी टाकलेल्या असतात. दुकान हललं तरी खूण तिथंच. सरकारची भावाची वेबसाइट आहे, msamb.com. तिथं रोज कुठल्या बाजार समितीत किती आवक, कमी-जास्त आणि सर्वसाधारण दर किती, हे सगळं घरबसल्या दिसतं. चांगलीच सोय आहे, मी रोज बघतो. पण ती माहिती समितीची, दुकानाची नाही. भाव कळतो, दार कळत नाही.

मग होऊ शकतं का हे? वाशीचा बाजार बघा. तो आपल्या यार्डांपेक्षा कितीतरी मोठा: कांदा-बटाटा, फळं, भाजीपाला, मसाला आणि धान्य असे पाच वेगळे बाजार. पण तिथल्या पत्त्यात कुठला बाजार ते असतं, आणि पुढं अक्षर नि आकडा, 'ई-45' अशा धर्तीचा गाळा नंबर. कांद्याचा बाजार, मग अक्षरावरून ओळ, मग आकडा. नवखा माणूसही पोचतो. तिथं सगळं आलबेल आहे असं मी म्हणत नाही, पैसे थकण्याच्या तक्रारी तिथूनही ऐकू येतात. पण माणूस निदान दारापर्यंत जातो.

म्हणून मागणी फार मोठी नाही. पट्टीवर तीन गोष्टी छापणं सक्तीचं करा: परवान्यावरचं जसंच्या तसं नाव, परवाना नंबर, गाळा नंबर. समितीनं ठरवलं तर पुढच्या हंगामाच्या पट्टीबुकात हे येऊ शकतं. छापखान्याचा खर्च एका ओळीचा. दुसरं, गाळ्यात जो प्रत्यक्ष बसून अडत करतो त्याचं नाव आणि परवाना नंबर बोर्डावर पाहिजे, मग गाळा मूळ कुणाचाही असो. याला विरोध होईल, कारण गाळा एकाचा आणि धंदा दुसऱ्याचा हे उघड्यावर यावं असं बऱ्याच जणांना वाटत नाही. माझ्या अंदाजानं पत्ता छापायची खरी अडचण तीच आहे, छपाईची नाही. आणि गेटवर एक मोठा फलक लावा: शेड, ओळ, गाळा, पेढीचं नाव आणि कंसात मालक ज्या नावानं ओळखला जातो ते. रात्री दिसेल असा उजेड त्यावर पाहिजे.

हे होईपर्यंत आपल्याला आपलंच बघावं लागणार. गाडी भरताना गाडीचा नंबर आणि गोण्यांवरच्या नावाचा फोटो तुम्ही काढताच. ड्रायव्हरला आणखी एक काम सांगा: माल उतरल्यावर थप्पी आणि गाळ्याचा बोर्ड एका फोटोत येईल असा फोटो काढून पाठव. गेटवर आत जाताना नोंदीची पावती झाली असेल तर तिचाही. पट्टी आली की नावं ताडून बघा. बोर्डावर एक आणि पट्टीवर दुसरं असेल तर त्याच दिवशी फोन करून विचारा, परवाना कुणाच्या नावावर आहे? प्रामाणिक अडत्या राग मानणार नाही. आणि मूळ पट्टी ड्रायव्हरच्या खिशात महिनाभर ठेवू नका, पुढच्या खेपेला मागून घ्या. 2023 ला ज्यांच्याकडं कागद होता त्यांनी अर्ज एका दिवसात टाकला, बाकीच्यांनी एसटीचे हेलपाटे घातले.

आता तुमच्याकडून एक काम हवंय. घरात असतील त्या गेल्या दोन हंगामांच्या पट्ट्या काढा. स्वतःचं नाव आणि मोबाईल नंबर झाकून, फक्त वरच्या भागाचा फोटो मला मेसेजमध्ये पाठवा. पेढीची नावं मी कुठंही टाकणार नाही, मला तेवढं मोजायचंय: किती पट्ट्यांवर गाळा नंबर आहे, किती पट्ट्यांवर परवाना नंबर आहे. अणदूर, नळदुर्ग, जळकोट या भागातल्या शंभरेक पट्ट्या जमल्या की तो आकडा आणि वरची मागणी लेखी करून, आपला माल जिथं जिथं जातो त्या समित्यांच्या सचिवांना देणार आहे. ज्यांना सही करायला यायचंय त्यांनी खाली नाव टाका, निघायचा दिवस ठरला की कळवतो.